ओपन फाइल वेगळी, बॅक वेगळा

साताऱ्यात आमचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. गोडा, कांदा-लसूण आणि मालवणी असे तीन मसाले. 2024 च्या दिवाळीला बाजारातल्या साध्या पाऊचवर स्वतःचं लेबल लावून माल दुकानांत द्यायचा, असं ठरवलं. ओळखीतून एका फ्रीलान्स डिझायनरचा नंबर मिळाला. त्याच्या इन्स्टाग्रामवर पाकिटांची सुंदर चित्रं होती. ती सगळी मॉकअप होती, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली. छापलेल्या पाकिटाचा हातात धरून काढलेला एकही फोटो तिथे नव्हता, हे आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नाही.

मी त्याला पाठवलेला मेसेज अजून फोनमध्ये आहे, जसाच्या तसा देते: ‘तीन मसाल्यांच्या पाकिटाचं डिझाइन करायचंय. पारंपरिक वाटलं पाहिजे पण मॉडर्न. दिवाळीच्या आधी हवंय. किती घ्याल?’ उत्तर आलं, ‘18 हजार ताई, निम्मे आधी. समाधान होईपर्यंत बदल करून देतो.’ मी त्याच दिवशी 9 हजार पाठवले.

पहिलं डिझाइन खरंच छान होतं. सप्टेंबरच्या मध्यावर तिन्ही लेबलं आली. मी म्हटलं, आता मागची बाजू पाठवा. तर म्हणाला, ‘ताई, तुम्ही पाकिटाचं डिझाइन म्हणालात, मी फ्रंट धरला. बॅकचे प्रत्येकी दीड हजार.’ आता मसाल्याच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच नंबर, तारखा, पत्ता आणि एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर कुठे लिहायचा? पण माझ्या मेसेजमध्ये ‘पुढची आणि मागची’ हे दोन शब्द नव्हते, हेही खरं. दिले साडेचार हजार.

मग बदलांची गंमत. समोर शाकाहारीची हिरवी खूण नव्हती. ती असावीच लागते, हे खाण्याच्या पाकिटांचं काम करणाऱ्याला माहीत असायला हवं. मी सांगितलं, त्यानं टाकली. दुसऱ्या दिवशी यजमान म्हणाले लाल रंग गडद करा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना ‘लसूण’मधला ‘सू’ ऱ्हस्व दिसला. मी आपली एकेक मेसेज पाठवत गेले. सातव्या मेसेजनंतर तो म्हणाला, ‘तीन रिव्हिजन झाल्या ताई, आता प्रत्येकीला 500.’ ‘समाधान होईपर्यंत’चं काय झालं विचारलं, तर ‘ते रीझनेबल बदलांसाठी असतं.’ त्यानं स्वतः केलेली शुद्धलेखनाची चूक आणि मी बदललेला रंग, दोन्ही त्याच्या हिशेबात सारखेच.

खरी फसवणूक याच्यापुढची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्हणाला, बाकीचे पैसे टाका, फायनल पाठवतो. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, छपाईवाला दहा दिवस मागत होता. मी उरलेले 9 हजार टाकले. व्हॉट्सॲपवर सहा जेपीजी चित्रं आली. पुण्यातल्या छपाईवाल्यांना पाठवली, तर त्यांचा लगेच फोन: ‘मॅडम, हा फोटो आहे. फाइल कुठंय?’

त्यांनी समजावलं ते असं. आमचं लेबल 4 बाय 6 इंच. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे चित्र निदान 1200 बाय 1800 पिक्सेलचं हवं. माझ्याकडे आलं होतं 640 बाय 960. म्हणजे इंचाला 160. घटकांची बारीक अक्षरं त्यात फुटणारच. शिवाय कडेला कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचा रंग सोडतात, त्याला ब्लीड म्हणतात, तोही नव्हता. त्यांना हवी होती ओपन फाइल, म्हणजे ज्यात डिझाइन बनवलं ती मूळ .cdr किंवा .ai फाइल, रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात, आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी बदलू नयेत म्हणून आकारात रूपांतर केलेली.

डिझायनरला फोन केला. ‘ओपन फाइल वेगळी असते ताई. 7 हजार.’ त्यानंतर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, फक्त यूपीआयचा क्यूआर कोड. मी दिले नाहीत. त्या दिवाळीला मसाला साध्या पाऊचमध्ये, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून ओळखीपाळखीत गेला. दुकानांची ऑर्डर बुडाली.

नात्यातल्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, 7 हजारांसाठी नोटीस पाठवून काय मिळणार. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला ठाऊकच नव्हती. फ्रीलान्सर हा नोकर नसतो, त्यामुळे आपण पैसे दिले म्हणून अशा डिझाइनचा कॉपीराइट आपोआप आपला होत नाही. तो लेखी आणि त्याच्या सहीनं द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल, तर कायदा पाचच वर्षं धरतो.

जानेवारीत दुसऱ्या डिझायनरला काम दिलं, तेव्हा आधी पानभर ब्रीफ लिहिला. ‘पारंपरिक पण मॉडर्न’ काढून टाकलं आणि त्याजागी आवडलेल्या दोन पाकिटांचे फोटो जोडले. मोजता येईल असं सगळं लिहिलं: तीन मसाले, प्रत्येकी पुढचं आणि मागचं, एकूण सहा लेबलं, 4 बाय 6 इंच. मागचा सगळा मजकूर मी तपासून एकाच वर्ड फाइलमध्ये देईन. त्यात माझी चूक निघाली तर दुरुस्तीचे पैसे माझे, टाइप करताना झाली तर फुकट. शेवटी काय हातात यायला हवं तेही लिहिलं: ओपन फाइल, कर्व्ह केलेली छपाईची पीडीएफ, वापरलेल्या फॉन्टची नावं आणि सही केलेलं कॉपीराइटचं पत्र.

तिनं वाचून दोन ठिकाणी काट मारली, आणि ते मला पटलं. एक, ‘तीन वेळा बदल’ या शब्दांवर. ती म्हणाली, ‘घरातल्या सगळ्यांचं एकत्र करून एकच यादी पाठवा, ती एक फेरी. अशा दोन फेऱ्या पुरतात.’ दोन, तारखेवर. मी नुसतं ‘28 फेब्रुवारी’ लिहिलं होतं. तिनं टप्पे पाडले: मजकूर मिळाल्यापासून सात दिवसांत पहिलं डिझाइन, यादी मिळाल्यापासून चार दिवसांत बदल. मी यादी द्यायला जितके दिवस लावीन, तितकी तारीख पुढे.

पैशांचे तीन भाग केले. 40 टक्के सुरुवातीला, 30 टक्के डिझाइन पसंत झाल्यावर, उरलेले 30 छपाईवाल्यानं फाइल उघडून ‘चालेल’ म्हटल्यावर. तिला भीती होती की मी छपाईच लांबवली तर तिचे पैसे अडकतील, म्हणून ‘किंवा फाइल दिल्यापासून 15 दिवसांनी, जे आधी होईल ते’ एवढं जोडलं. एकूण 24 हजार झाले, आधीच्यापेक्षा दीड हजारच जास्त.

लेबलं छापून आली त्या आठवड्यात सहज त्या पहिल्याचं इन्स्टाग्राम उघडलं. आमची तिन्ही पाकिटं तिथे आहेत, सोनेरी उजेडात, मागे पितळी डबे. बॅक अर्थातच दिसत नाही.