०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च?

पुण्यात आपण `03/04/2025` हे ३ एप्रिल असं वाचतो. न्यू जर्सीतली बहीण तेच ४ मार्च वाचते, कारण अमेरिकेत बोलताना महिना आधी येतो आणि लिहितानाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवस १३ किंवा पुढचा असेल तर प्रश्न मिटतो. तेरावा महिना नसतोच. पण बारापर्यंतच्या दिवसांना दोन्ही अर्थ लागतात. ०५/०५ सारख्या जुळ्या तारखा वगळल्या तरी वर्षात असे १३२ दिवस उरतात.

एक्सेलमध्ये हे डोळ्यांना दिसतं. अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर आपली सीएसव्ही फाइल उघडली की `03/04/2025` ची गुपचूप ४ मार्च होते. `13/04/2025` ला मात्र तारीख होता येत नाही, ती नुसता मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, तर संशय उजवीकडच्यांवर घ्या. डावीकडच्या निदान जशाच्या तशा शाबूत असतात.

माणसांना लिहिताना मी महिना अक्षरांत लिहिते: ३ एप्रिल २०२५. फाइलींच्या नावांत आणि तक्त्यांत `2025-04-03`, म्हणजे ISO 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत. नावांप्रमाणे लावल्या तरी फाइली तारखेच्या क्रमाने येतात. वर्षाचे चारही आकडे मात्र हवेतच. `05-04-03` लिहिलंत, तर आता तीन अर्थ निघतील.