आबांच्या मनगटावरचं घड्याळ: आठ महिन्यांनंतर

आबांचं वय 67, बीपीची गोळी चालू. गेल्या वर्षी त्यांना ईसीजी काढणारं स्मार्टवॉच घेतलं. पावलं आणि झोप किती बरोबर मोजतं, ते मी सोडून देतो. मला सांगायचंय ते नाडीच्या अलर्टबद्दल.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी घड्याळानं सांगितलं, ठोके अनियमित आहेत. आबा म्हणाले, "मला काय झालंय? रंकाळ्याला फेरी मारून आलोय की सकाळी." लगेच घड्याळावर ईसीजी काढला, तो नॉर्मल. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात पूर्ण ईसीजी काढला, तोही नॉर्मल. "घड्याळाचं काय मनावर घेऊ नका," असं ऐकून आम्ही घरी आलो. इथंच आमची चूक झाली.

घड्याळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नंतर नीट कळलं. अलर्ट येतो तो मनगटाखालच्या हिरव्या उजेडातून. हात स्थिर असताना घड्याळ अधूनमधून नाडी तपासतं, आणि बऱ्याच वेळा गडबड दिसली तरच बोलतं. म्हणजे अलर्ट हाती पडतो तेव्हा ती गडबड होऊन गेलेलीही असू शकते. ईसीजी मात्र आपण दुसऱ्या हाताचं बोट टेकवतो त्या 30 सेकंदांचाच. हा अलर्ट ज्यासाठी असतो ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं, सुरुवातीला बहुतेकदा येऊन जाऊन असतं. ते थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मलच येणार. तेवढ्यावरून अलर्ट खोटा ठरत नाही.

2019 साली ॲपल हार्ट स्टडी प्रसिद्ध झाला. त्यात 4 लाखांहून जास्त लोक होते आणि अलर्ट आला फक्त 0.52 टक्के लोकांना. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यापैकी 34 टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. पण पट्टी अंगावर असतानाच अलर्ट आला, तेव्हा तो 84 टक्के वेळा बरोबर निघाला. या दोन आकड्यांतलं अंतर बऱ्याच अंशी या येण्याजाण्याचंच आहे.

तीन आठवड्यांनी रात्री जेवणानंतर आबांना छातीत फडफडल्यासारखं वाटलं. या वेळी मी त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, पट्टा घट्ट केला. त्यांचं बोट कोरडं होतं, पहिली नोंद नुसती थरथरली. बोट जरा ओलं करून पुन्हा घेतली. पडद्यावर आलं Atrial Fibrillation, ठोके 118. पीडीएफ जपून ठेवली आणि सकाळी राजारामपुरीत हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली.

डॉक्टरांनी घड्याळाचा निकाल वाचलाच नाही, थेट आलेख मोठा करून बघितला. "हे उंच टोक बघा. दोन टोकांमधलं अंतर एकदाही सारखं नाही. आणि प्रत्येक टोकाआधी एक छोटा उंचवटा हवा, तो कुठंच नाही." त्यांच्या डोळ्यांखालून गेलेला 30 सेकंदांचा स्वच्छ आलेख निदानाला पुरतो. नुसता घड्याळाचा शब्द पुरत नाही. झडपा बघायला इको झाला, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या झाल्या. वय आणि बीपी धरून, पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. मी विचारलं, ॲस्पिरिन चालेल का? डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. या आजारात गुठळी रोखायला तिचा उपयोग नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र आहेच.

उलटा अनुभवही घरातच आला. काकांच्या घड्याळानंही दोनदा हेच नाव दाखवलं. त्याच डॉक्टरांनी आलेखात तो छोटा उंचवटा दाखवला, मधूनच एखादा ठोका लवकर पडत होता इतकंच. दिवसभर ईसीजी नोंदवत राहणारं होल्टर यंत्र लावलं, त्यातही अवेळी ठोकेच निघाले. अशा ठोक्यांना घड्याळ फसतं. त्यामुळं नुसत्या पडद्यावरच्या नावावर कुणाला रक्त पातळ करायची गोळी देऊ नका.

आता आमच्या घरी अलर्ट आला की तेव्हाच बसून ईसीजी काढतो, Inconclusive आलं तर पाच मिनिटांनी परत. वेळ आणि त्या वेळी काय वाटत होतं, ते लिहून ठेवतो. त्रास नसेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना पीडीएफ दाखवतो. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर घड्याळाकडं बघत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही. ईसीजी नॉर्मल दाखवला तरी छातीत दुखत असेल तर दवाखाना गाठायचाच.

अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गाडी चालवताना, फिरताना, पट्टा सैल असताना ते बघतच नाही किंवा त्याला नीट दिसत नाही. आबांना नंतरच्या महिन्यांत दोनदा फडफड झाली आणि अलर्ट एकदाही आला नाही. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच बोट टेकवलं, म्हणून आलेख हाती आला.