कॉल की फोल्ड: एकाच बेटसमोर तीन वेगवेगळी पानं

टेक्सस होल्डेम शिकताना सर्वांत जास्त चिप्स जातात त्या ड्रॉवर. पानं अजून बनलेली नसतात, पण बनतील अशी आशा असते. त्या आशेची किंमत मोजता येते आणि समोरचा मागतो ती किंमत परवडणारी आहे का, हेही मोजता येतं. इथे एकच फ्लॉप, एकच बेट आणि तीन वेगवेगळे ड्रॉ शेजारी शेजारी ठेवले आहेत. बेट तेच राहतं, तरी उत्तरं वेगळी येतात.

फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम दश्शी, बदाम सत्ती आणि इस्पिक दुर्री आहे. पॉटमध्ये ६०० चिप्स आहेत. समोर एकच खेळाडू उरला आहे आणि त्याने ३०० लावले आहेत. त्याच्याकडे काळ्या राजांची जोडी आहे असं सध्या धरू. तुमच्या हातात पुढच्या तीनपैकी एक जोडी आहे.

पहिली, बदाम राणी आणि बदाम पंजी. हा फ्लश ड्रॉ. फ्लश म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, तीनपत्तीत ज्याला कलर म्हणतात तसा. दुसरी, इस्पिक नव्वी आणि अठ्ठी. सत्तीपासून दश्शीपर्यंत सलग चार पानं झाली आहेत, म्हणजे वरून गुलाम आला किंवा खालून छक्की आली तरी स्ट्रेट पूर्ण होतो. तिसरी, किलवर गुलाम आणि नव्वी. इथे मधलीच अठ्ठी हवी आहे, आणि याला गटशॉट म्हणतात.

आधी किंमत काढू. यालाच पॉट ऑड्स म्हणतात. पॉटमध्ये ६०० होते, समोरच्याचे ३०० पडले आणि कॉल केला तर तुमचे ३०० पडतील. एकूण १२०० होतात. त्या १२०० मध्ये तुमचे ३००, म्हणजे २५ टक्के. दर चार वेळांपैकी एकदा जिंकलात की हा कॉल बरोबरीत सुटतो. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते. कुणी समोरच्याचं बेट पॉटमध्ये धरत नाही, कुणी स्वतःचा कॉल बेरजेत घ्यायला विसरतो. ३०० भागिले ९०० केलं की ३३ टक्के येतात आणि बरे कॉलही महाग वाटायला लागतात. दुसरी चूक आणखी खोल आहे. फ्लॉपआधी आपण टाकलेल्या चिप्स ‘आपल्या’ समजून त्या वाचवायला कॉल करायचा. त्या चिप्स आता पॉटच्या आहेत, त्यांचा हिशोब संपला.

आता आपल्या पानांची ताकद, म्हणजे इक्विटी. हातात दोन आणि टेबलावर तीन पानं दिसतात, म्हणजे ४७ पानं न दिसलेली. त्यातली जी आपला डाव बनवतात ती आउट्स. बदामाची १३ पानं असतात, चार दिसली, उरली ९. नव्वी-अठ्ठीला चार गुलाम आणि चार छक्क्या मिळून ८. गटशॉटला चार अठ्ठ्या, म्हणजे ४. टेबलावर झटपट हिशोबाला एक सोपी रीत चालते. एकच पान यायचं असेल तर आउट्सना २ ने गुणा, टर्न आणि रिव्हर, म्हणजे टेबलावरचं चौथं आणि पाचवं, ही दोन्ही पानं नक्की बघायला मिळणार असतील तर ४ ने. खाली नेमके आकडे आहेत.

| पानं | आउट्स | फक्त पुढच्या पानात | दोन्ही पानांत | समोरचा ३०० ला ऑल-इन असेल तर | चिप्स शिल्लक असतील तर डाव बनल्यावर आणखी मिळायला हव्यात |
|---|---|---|---|---|---|
| बदाम राणी-पंजी | ९ | १९.१% | ३५.०% | कॉल, सरासरी १२० फायदा | ३६७ |
| इस्पिक नव्वी-अठ्ठी | ८ | १७.०% | ३१.५% | कॉल, सरासरी ७७ फायदा | ५६३ |
| किलवर गुलाम-नव्वी | ४ | ८.५% | १६.५% | फोल्ड, कॉल केल्यास सरासरी १०२ तोटा | २३२५ |

तक्त्यातले शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे, कारण नवशिक्याचा गोंधळ त्यांच्यामध्येच होतो. ३५ टक्के हा आकडा पाठ असतो, समोर २५ टक्क्यांची गरज दिसते आणि फ्लश ड्रॉ डोळे झाकून कॉल केला जातो. पण ३५ टक्के हे दोन पानांचे आहेत, आणि तुम्ही ३०० देऊन विकत घेताय फक्त एक पान. समोरचा ऑल-इन असेल, म्हणजे त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स लावल्या असतील, तर पुढे काही द्यायचं नाही, दोन्ही पानं त्याच किमतीत मिळतात, आणि तिथे ४ ने गुणणं योग्य आहे. त्याच्याकडे चिप्स शिल्लक असतील तर टर्नवर तो पुन्हा लावेल. पॉट तेव्हा १२०० असेल, त्याने पुन्हा निम्मे म्हणजे ६०० लावले तर रिव्हरच्या एका पानासाठी पुन्हा २५ टक्के लागतील आणि तुमच्याकडे ४६ पैकी ९, म्हणजे १९.६ टक्केच असतील. म्हणून ऑल-इन नसताना २ ने गुणायचं.

मग चिप्स शिल्लक असताना फ्लश ड्रॉ टाकायचा का? नाही, पण कॉलला दुसरं कारण लागतं. निव्वळ पॉटच्या हिशोबात या कॉलमध्ये सरासरी ७० चिप्सचा तोटा आहे. तो भरून काढायला डाव बनल्यावर पुढच्या बेटांतून सरासरी ३६७ मिळाल्या पाहिजेत. यालाच इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. टर्नला पॉट १२०० चा असेल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमीच मागतो आहोत. समोरच्याकडे २००० शिल्लक असतील आणि राजांची जोडी त्याला सोडवत नसेल तर हे सहज शक्य आहे. त्याच्याकडे फक्त २०० उरले असतील तर ३६७ येणारच नाहीत. म्हणून कॉल करण्याआधी समोरच्याच्या चिप्सकडे बघायचं, आपल्याकडे जास्त असून उपयोग नाही.

गटशॉटचं गणित इथेच उघडं पडतं. त्याला २३२५ हव्यात, म्हणजे टर्नच्या पॉटच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही प्रत्येक वेळी अठ्ठी आली की सरासरीने. एखाद्या डावात येतील, सरासरीत क्वचितच.

समोरच्याचा अंदाज किती बरोबर यावरही बरंच अवलंबून आहे. त्याच्याकडे राजांऐवजी नुसती दश्शीची जोडी असेल, म्हणजे हातात एक दश्शी आणि राणीहून लहान दुसरं पान, तर तुमच्या राणीची जोडी जमली तरी तुम्ही पुढे जाता. बदाम राणी-पंजीला मग तीन राण्या वाढतात आणि आउट्स १२ होतात. गुलाम-नव्वीलाही तीन गुलाम वाढून ७ होतात, दोन पानांत साधारण २८ टक्के. म्हणजे ऑल-इनसमोर टाकायचा ठरलेला गटशॉट इथे कॉल होतो. पण समोरच्याच्या हातात दश्शीसोबत गुलामच असेल, तर टेबलावर आलेला गुलाम त्याच्या दोन जोड्या बनवेल आणि तुमचे वाढीव आउट्स खोटे ठरतील. म्हणून अशी वाढीव पानं पूर्ण मोजू नका, निम्मी धरा.

खोट्या आउट्सचा सर्वांत ठळक दाखला नव्वी-अठ्ठीत आहे. तिच्या आठ पानांत बदाम गुलाम आणि बदाम छक्कीही आहेत. त्यातलं एक आलं तर तुमचा स्ट्रेट बनतो, पण टेबलावर तीन बदाम होतात. समोरच्याकडे बदामाची दोन पानं असू शकतात असं वाटत असेल तर ती दोन्ही वगळा. उरतात सहा, दोन पानांत २४.१ टक्के. ज्या ऑल-इन कॉलमध्ये ७७ चा फायदा होता तिथे आता १० चा तोटा आहे. दोन पानांनी निर्णय उलटला! बदामाच्या ड्रॉलाही अशी खोट असते. समोर सत्त्यांचा सेट असेल, म्हणजे त्याच्या हातात दोन सत्त्या आणि टेबलावर तिसरी, तर बदाम दुर्री तुमचा फ्लश आणि त्याला हरवणारं त्याचं फुल हाउस एकदमच बनवते. शिवाय तुमचा फ्लश राणीचा आहे. हातात बदाम एक्का किंवा राजा आणि आणखी एक बदाम असलेला खेळाडू तुमच्या वरच राहतो, आणि तिथे बनलेला डावही महागात पडतो.

तरीही चिप्स शिल्लक असताना फ्लश आणि स्ट्रेट यांत माझा कल स्ट्रेटकडे थोडा जास्त आहे, आउट एक कमी असूनही. तिसरा बदाम टेबलावर आला की सगळे सावध होतात आणि पुढच्या बेटला पैसे मिळत नाहीत. इस्पिक छक्की आली तर राजांची जोडी धरलेल्याला नव्वी-अठ्ठी सहसा दिसत नाही. ५६३ मिळवणं ३६७ पेक्षा अवघड दिसतं, पण पैसे देणारा समोरचा जास्त खुशीने देतो. ऑल-इनसमोर मात्र हा फरक उरत नाही, तिथे पानांची संख्याच बोलते.

बेटचा आकार बदलला की गरजही बदलते. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याला २० टक्के लागतात, निम्म्याला २५, दोन तृतीयांशाला जवळपास २९, पूर्ण पॉटला ३३ आणि दुप्पट बेटला ४०. एका पानासाठी फ्लश ड्रॉ १९ टक्के आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या बेटलाच तो जेमतेम बरोबरीवर येतो. पूर्ण पॉटच्या ऑल-इनला ३५ टक्के पुरतात, पण फरक इतका बारीक की एखादा खोटा आउट तो खाऊन टाकतो. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत खेळत असाल तर पॉटमधून कापला जाणारा हिस्साही धरा. समजा १२०० तून ५ टक्के कापले, तर हातात येतात ११४० आणि गरज २५ वरून २६.३ टक्क्यांवर जाते.

रिव्हरला हे सगळं आउट्सचं गणित संपतं, कारण पान यायचंच नसतं. तिथे निम्म्या पॉटच्या बेटला २५ टक्के लागतात याचा अर्थ वेगळा: समोरचा चारपैकी किमान एकदा खोटं बोलतोय असं वाटलं तरच, तुमच्याकडे फक्त त्याचं खोटं पकडण्याइतकीच पानं असताना, कॉल करायचा. फ्लश हुकलेला असेल आणि हातात नुसती राणी असेल, तर तेवढ्यावर खोटं पकडायलाही जाऊ नये, कारण त्याच्या कित्येक खोट्या पानांतही एक्का किंवा राजा असतो.