वाढदिवस, निरोप आणि लग्नाचा वाढदिवस : एकाच गाण्यासाठी कोणता साचा घ्यावा?

घरात, सोसायटीत किंवा ऑफिसात गाणारी चार माणसं असली की दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा समारंभ येतोच. प्रत्येक वेळी नवं गाणं रचायला वेळ नसतो, म्हणून मनात येतं की एकच चाल पक्की बसवावी आणि प्रसंगाप्रमाणे अंतरा व नाव बदलावं. कल्पना चांगली आहे. पण नाव बदललं की ओळ लंगडते, आणि ती किती लंगडणार हे गाणं कोणत्या साच्यात बांधलंय त्यावर ठरतं. आपल्याकडे त्यासाठी तीन साचे सहज हाताशी आहेत: मंगलाष्टकाचं शार्दूलविक्रीडित, अभंगाचा अक्षरछंद आणि सोळा मात्रांचं पादाकुलक.

मंगलाष्टकापासून सुरुवात करतो, कारण बदलत्या कडव्यांचं गाणं आपण सगळ्यांनी प्रथम ऐकलं ते लग्नमंडपात. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत १९ अक्षरं असतात आणि बाराव्या अक्षरावर थांबा येतो. थांब्यानंतरची सात अक्षरं म्हणजेच ‘कुर्यात् सदा मंगलम्’. शेवट बांधलेला आणि आधीचं सगळं मोकळं, म्हणजे आपल्याला हवी तशीच रचना. म्हणूनच मावश्या-आत्या वधूवरांची नावं गुंफून घरची मंगलाष्टकं लिहू शकतात.

अडचण अशी की या वृत्तात प्रत्येक अक्षराचं लघु-गुरू, म्हणजे ते आखूड की लांब, हे ठरलेलं असतं. ‘मीरा’ हे नाव दोन गुरूंचं, ते ओळीच्या आरंभी आरामात बसतं. ‘सुमन’ हे तीन लघूंचं नाव. सलग तीन लघू या ओळीत एकाच ठिकाणी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. म्हणजे मीराच्या जागी सुमन आली की नुसतं नाव बदलून भागत नाही, ओळच नवी लिहावी लागते. शिवाय ही चाल कानावर पडताच अक्षता आठवतात. सहस्रचंद्रदर्शनाला किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती फार शोभते, पण बदली होऊन निघालेल्या सहकाऱ्यासमोर ती कशी म्हणणार? एकदाच म्हणायचं आणि जपून ठेवायचं असेल तर हा साचा उत्तम, पण अदलाबदलीला तो घेऊ नये.

अभंगाचं याच्या अगदी उलट आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं मोजायची, लघु-गुरू पाहायचंच नाही. ‘सई’ दोन, ‘सुमन’ तीन, ‘ज्ञानेश्वर’ चार, मोजणी संपली. उरलेली अक्षरं ताई, दादा, अहो, गं यांनी भरून निघतात. नावाची जागा ठरवून ठेवण्याची रीतही याच परंपरेतली आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ या नाममुद्रा पाहा: प्रत्येक चार अक्षरांची, आणि नाव दोन अक्षरांचं. तुकाराम, नामदेव, चोखामेळा ही नावं चार-चार अक्षरांची, पण मुद्रेत येताना सगळी दोन अक्षरांत आली. लांब नाव जागेत बसेना तर ओळ ताणू नका, घरातलं हाकेचं नाव घ्या, हा धडा तिथूनच मिळतो.

मग अभंगच का नको? चालीमुळे. अभंगाच्या चालीवर लोकांचे हात आपोआप टाळ धरल्यासारखे होतात आणि मन विठ्ठलाकडे जातं. भजनी मंडळातल्या आजींच्या पंचाहत्तरीला याहून सुंदर काही नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला जमलेली पोरं मात्र दुसऱ्या ओळीपासून केककडे बघायला लागतात.

तिन्ही प्रसंग एकाच गाण्यात हवे असतील तर माझा कौल पादाकुलकाला आहे. ओळ सोळा मात्रांची, आठ-आठच्या दोन तुकड्यांत, म्हणजे केरवा तालाची दोन आवर्तनं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. वाढदिवसाला केरवा चढ्या लयीत घ्या, निरोपाला तोच संथ घ्या. चाल तीच राहून रंग बदलतो. आणि नावाच्या बाबतीत हा साचा अभंगाइतका नसला तरी पुष्कळ मोकळा आहे. बांधून दाखवतो. हे ध्रुपद:

आज अंगणी दिवे लागले
मीराताई, तुमच्यासाठी
मनात सगळे सूर जागले
मीराताई, तुमच्यासाठी

नाव दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या पहिल्या तुकड्यात ठेवलंय, शेवटी नाही. शेवटी ठेवलं असतं तर दर समारंभाला नव्या नावाशी यमक शोधत बसावं लागलं असतं. इथे यमक ‘लागले-जागले’चं आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही. ‘लागले’ दिव्यांचं क्रियापद आहे, ‘जागले’ सुरांचं. समोर बाई असो वा पुरुष, ध्रुपदात काही बदलत नाही. ‘आलास-आलीस’, ‘लाडका-लाडकी’ असले शब्द ध्रुपदात एकदा शिरले की निम्म्या वेळा ते दुरुस्त करावे लागतात आणि गाताना कुणीतरी जुनंच म्हणून जातं.

आदराचा प्रश्नही याच ओळीत सुटतो. ‘तुमच्यासाठी’ आठ मात्रांचा आहे आणि ‘तुझ्याचसाठी’सुद्धा आठच. सरांना, काकांना, सासूबाईंना ‘तुमच्यासाठी’; मुलांना, मैत्रिणीला ‘तुझ्याचसाठी’. वयावर जाऊ नका. आजी ऐंशीची असली तरी बहुतेक घरांत ती ‘तू’च असते, आणि नातवाने गाण्यात तिला ‘तुम्ही’ म्हटलं तर तिलाच परकं वाटेल.

आता नावाची आठ मात्रांची जागा. इथे मराठी नात्यांचे शब्द आपल्या मदतीला येतात. ताई, दादा, काका, मामा, आजी, आत्या, वहिनी हे सगळे चार मात्रांचे आहेत. म्हणजे चार मात्रांचं नाव असेल तर नातं जोडलं की जागा भरली: मीराताई, रमेशदादा, विजयावहिनी. ‘सुमनताई’ सातच मात्रा होतात, तिथे शेवटची ‘ई’ थोडी लांबवायची. ‘अपर्णाताई’ नऊ होतात, तिथे ‘लागले’मधला ‘ले’ आखडता घेऊन नाव एक मात्रा आधी उचलायचं. सात ते नऊ इतकी लवचीकता चालीत असते. ‘अनिरुद्ध’ पाच मात्रांचं, त्याला ‘राव’ लावलं की बरोबर आठ. ‘सई’ तीनच मात्रांची, तिथे ‘आमची सई, तुझ्याचसाठी’ म्हणा. नवाच्या वर गेलं, समजा दहा मात्रांचं ‘ज्ञानेश्वरकाका’, तर हाकेचं नाव घ्यावं: ‘माउलीकाका’ नऊ मात्रांत येतात. नावाला ला, चा, ने असे प्रत्यय मात्र लावू नका. मात्रा वाढतातच, वर काही नावांची रूपंही बदलतात, सुधाला की सुधेला असा घोळ भर गाण्यात होतो. हाक मारल्यासारखं नुसतं नाव ठेवावं.

नाव नीट बसलंय का हे कागदावर शेवटपर्यंत कळत नाही. टाळी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर द्या आणि गाणं नुकतंच ऐकलेल्या दोघा-तिघांना सोबत घ्या. ‘तुमच्यासाठी’चा ‘तु’ सगळ्यांचा एकदम पडला तर नाव बसलं. मागेपुढे झाला तर नाव लांब किंवा तोकडं आहे, चालीत दोष नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला नावं दोन लागतात, आणि बहुतेक गाणी इथेच फसतात. ‘मीरा आणि रमेश’ अकरा मात्रा होतात, एका जागेत मावत नाहीत. म्हणून तर ध्रुपदात जागा दोनदा ठेवली आहे. एकट्याच्या प्रसंगाला तेच नाव दोनदा येतं; जोडप्याला दुसऱ्या ओळीत मीराताई, चौथीत रमेशदादा. ‘तुमच्यासाठी’ तेव्हा दोघांसाठीही लागू पडतं. मुलं गाणार असतील तर आणखी सोपं: ‘आईबाबा’ बरोबर आठ मात्रांचे आहेत.

आता अंतरे. वाढदिवसाचा:

वर्ष नवे हे आले दारी
औक्षण करण्या जमली सारी

निरोपाचा:

रोप लावले तुम्ही अंगणी
सावलीत त्या म्हणतो गाणी

लग्नाच्या वाढदिवसाचा:

दोन घरांचे एकच अंगण
सुखदुःखाचे झाले चांदण

तिन्ही अंतरे दारा-अंगणाच्या आसपास ठेवलेत. ध्रुपदात दिवे अंगणात लागलेत, मग अंतरा ऑफिसच्या फाइलींवर गेला तर दोन गाणी शिवल्यासारखी वाटतात. ऑफिसचाच तपशील हवा असेल तर तो रोपासारख्या शब्दातून सुचवावा, आणि नेमकी आठवण गाण्याआधी दोन वाक्यांत बोलून घ्यावी.

निरोपाच्या अंतऱ्यात ‘लावले’ रोपाप्रमाणे चालतं, लावणारे सर असोत की मॅडम. भूतकाळ लागणारच, कारण निरोपात केलेल्या कामाचं बोलायचं असतं; अशा वेळी ‘रोप लावले’, ‘माया दिली’, ‘वाट दाखवली’ अशी क्रियापदं निवडली की समोरच्याच्या लिंगाचा प्रश्न उरत नाही. मैत्रीण निघाली असेल तर ‘तुम्ही’च्या जागी ‘तूच’ घाला, दोन्ही तीन मात्रांचे. बोलताना आपण ‘लावलेस’ म्हणू, पण गाण्यात तो ‘स’ गळलेला खपतो. निरोपाच्या अंतऱ्यात ‘अखेरचा’, ‘शेवटची भेट’ असे शब्द मी येऊ देत नाही. निवृत्त होणारा माणूस साठीच्या आसपासचा असतो, समोर त्याचे घरचे बसलेले असतात, आणि हे शब्द श्रद्धांजलीच्या फलकावरचे आहेत.

तेव्हा निवड अशी करा. गाणारे दर वेळी बदलत असतील, नावं कसलीही येत असतील आणि तयारीला अर्धा तासच मिळत असेल, तर पादाकुलक. घरात भजनाची सवय असेल आणि समारंभ बहुतेक ज्येष्ठांचे असतील, तर अभंग. तिथे नावाची डोकेदुखी जवळजवळ नाही. एकाच जोडप्यासाठी, एकाच दिवसासाठी लिहायचं असेल आणि वृत्त जाणणारं कुणी घरात असेल, तरच शार्दूलविक्रीडित. आणि साचा कोणताही असो, समारंभाच्या दिवशी कागदावर नावाची जागा रिकामी ठेवून वाटू नका. त्या त्या दिवशीचं नाव दोन्ही ठिकाणी पूर्ण लिहून द्या, नाहीतर नावाच्या ओळीत निम्मे ‘ताई’ म्हणतात, निम्मे ‘मावशी’.