रक्कम जुळते, तारीख जुळत नाही: बँक ताळमेळातील आपोआप जुळणीचा आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकजवळच्या दिंडोरी भागातील एका द्राक्ष पॅकहाउसचे हिशेब मी सांभाळतो. गेल्या ऑगस्टपासून आमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधील आपोआप जुळणीची सोय मी दर आठवड्याला वापरत आहे. बँक स्टेटमेंटची फाइल भरली की रक्कम तंतोतंत सारखी आणि तारखेतला फरक आपण ठरवलेल्या दिवसांच्या आत, अशा नोंदी ती जोडून टाकते आणि व्हाउचरची मूळ तारीख न बदलता बँकेची तारीख वेगळ्या रकान्यात लिहिते. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आमच्याकडे पूर्वी ताळमेळ बसवण्यासाठी व्हाउचरचीच तारीख बदलली जात असे आणि मग ३० मार्चला दिलेला चेक पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसत असे.

सुरुवातीला मी दिवसांची मर्यादा ७ ठेवली होती. मर्यादा जितकी कमी तितकी चुकीची जोडणी कमी, असा माझा समज होता. चेकच्या बाबतीत तो साफ चुकीचा निघाला.

फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, आम्ही ३६,००० रुपयांचे दोन चेक दिले होते: ३ तारखेला २१४ क्रमांकाचा अंबडच्या बॉक्स पुरवणाऱ्यांना आणि ९ तारखेला २२१ क्रमांकाचा एका वाहतूकदाराला. ११ तारखेला बँकेत ३६,००० नावे पडले. सॉफ्टवेअरने मागच्या ७ दिवसांत पाहिले, तिथे फक्त ९ तारखेचा चेक होता, म्हणून तोच वटला असे धरले. मार्चच्या सुरुवातीला न वटलेल्या चेकच्या यादीत २१४ दिसला. महिना होत आला तरी चेक वटत नाही, तेव्हा तो गहाळ झाला असेल, बदली चेक देऊन टाकू, असे आमच्या मालकांचे म्हणणे पडले. त्याआधी मी पुरवठादारांना फोन केला, तर ते म्हणाले, “अहो साहेब, तो तर केव्हाच जमा झाला.” स्टेटमेंट पुन्हा उघडले, तेव्हा ११ तारखेच्या ओळीच्या तपशिलात 000214 असे स्वच्छ लिहिलेले होते. वाहतूकदाराचा चेक अजून त्यांच्या कपाटातच होता.

यातला खरा धोका असा की, ताळमेळाची बेरीज या काळात एका रुपयानेही चुकली नव्हती. दोन्ही रकमा सारख्याच असल्यामुळे न वटलेल्या चेकची एकूण रक्कम बरोबरच दिसत होती. पुढे वाहतूकदाराचा चेक वटला असता आणि मी मर्यादा वाढवली असती, तर सॉफ्टवेअरने तो २१४ला जोडला असता आणि दोन चुकांनी एकमेकींना कायमचे झाकले असते.

त्यानंतर मी दोन प्रश्न वेगळे केले. जोडायचे किती दिवसांत हा एक प्रश्न, आणि या रकमेला दुसरा दावेदार आहे का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी दिवसांची खिडकी मोठीच हवी, कारण १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिने वैध असतो आणि तेवढ्या काळात तो कोणत्याही दिवशी येऊ शकतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर सादर होणारे चेक त्याच दिवशी वटू लागले, त्यामुळे बँकेकडून होणारा उशीर कमी झाला; घेणाऱ्याच्या कपाटातला उशीर मात्र तसाच राहिला. म्हणून जुळणी चालवण्याआधी, फक्त दिलेल्या चेकच्या शीटवर मी हे सूत्र चालवतो. A मध्ये चेकची तारीख, B मध्ये रक्कम, C मध्ये वटल्याची तारीख, तर E आणि F मध्ये स्टेटमेंटमधील तारीख आणि रक्कम असते.

```
=COUNTIFS(B:B,F2,A:A,">="&E2-92,A:A,"<="&E2,C:C,"")
```

उत्तर १ आले तर जोडणी सॉफ्टवेअरवर सोडतो. २ किंवा अधिक आले तर तारखेकडे न पाहता चेक क्रमांकावरून हाताने जोडतो. फेब्रुवारीतील त्या ओळीला ९२ऐवजी ७ घातले तर उत्तर १ येते आणि सगळे निर्धास्त वाटते. ९२ घातल्यावर २ येते. शून्य आले तर बहुधा चेकची नोंदच राहिलेली असते; नाहीतर पुढची तारीख घातलेला चेक त्या तारखेऐवजी दिल्याच्या तारखेने लिहिला गेला आहे का, हे तपासावे लागते.

जमेच्या बाजूला हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. व्यापाऱ्यांची एनईएफटी रक्कम बँकेत आधी येते आणि आमच्या वहीत दोन-तीन दिवसांनी चढते, म्हणून तिथे खिडकी दोन्ही बाजूंना उघडावी लागते आणि दावेदार अनेक निघाले तर यूटीआर क्रमांक पाहावा लागतो.

स्टेटमेंटच्या तपशिलात चेक क्रमांकच आला नसेल, तर ती ओळ मी न जोडता ठेवतो आणि शाखेकडून वटलेल्या चेकची प्रतिमा मागवतो. या हंगामात असे दोनदा करावे लागले. एका वेळी तारखेने जवळ असलेला चेक खरा होता, दुसऱ्या वेळी नव्हता.