जुन्या तक्रारींची टीम हाती आली: आधी फाईल वाचावी की आधी माणसं भेटावीत?

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून रुजू झालो, तेव्हा आधीच्या मॅनेजरांनी चाव्यांसोबत एक जाड फाईलही हातात ठेवली. नऊ ऑपरेटर, एक सुपरवायझर आणि ‘रात्रपाळी आमच्याच माथी मारतात’ अशी दोन ऑपरेटरांनी मिळून केलेली तक्रार. वर शेरा होता: प्रकरण मिटले. दुसऱ्याच दिवशी एकाने विचारलं, “साहेब, तुम्ही कोना बाजूना शेतस?”

अशी टीम घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात.

फाईल आधी वाचली तर तारखा, सह्या, मेमो पक्के कळतात. माणसं हे सगळं विसरतात किंवा मागेपुढे करून सांगतात. पण कागद लिहिणारा बहुतेक वेळा वरचा माणूस असतो. ज्याच्या नावावर दोन मेमो वाचले, तो केबिनमध्ये आला की आपल्याला आधी मेमोच दिसतात. आणि ‘मिटले’ या शब्दातून समेट झाला की माणूस थकून गप्प बसला, ते कळत नाही.

माणसं आधी भेटलात तर थकलेला आवाज ऐकू येतो, कोण कोणाचं नाव टाळतो तेही दिसतं. इथे अडचण क्रमाची आहे. जो पहिला येतो त्याची गोष्ट पाया होते आणि बाकीच्यांची त्यावर तपासली जाते. पहिला येतो तो सहसा दिवसपाळीचा, बोलका, साहेबांच्या गावाकडचा. ज्याची तक्रार रात्रपाळीची, तो त्या वेळी घरी झोपलेला असतो.

मला दोन्ही वाटा अर्ध्याच वाटतात. मी फाईलच दोन भागांत वाटली. ज्यात कुणाचं मत नाही ते कागद आधी वाचले: हजेरीपट, पाळीवाटप, अदलाबदलीच्या चिठ्ठ्या. अर्ज, खुलासे आणि मेमो बाजूला ठेवले. मग मस्टरवरच्या क्रमाने दहाही जणांना अर्धा अर्धा तास भेटलो, रात्रपाळीवाल्यांना त्यांच्याच पाळीत जाऊन. प्रश्न सगळ्यांना तेच: काम कुठे अडतं, पाळी कशी ठरते, मी काय बदलू नये? तक्रारीबद्दल मी स्वतःहून विचारलं नाही. ज्याला बोलायचं होतं तो बोलला. वहीत दोन रकाने केले, ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’. बाजूला ठेवलेले कागद वाचले ते त्यानंतर.

हजेरीपटाने काय दाखवलं ते सांगतो. 24 आठवडे, दर रात्री तीन ऑपरेटर, म्हणजे नऊ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला 8 आठवडे यायला हवेत. तक्रारदारांपैकी एकाचे 13 भरले, दुसऱ्याचे 12, आणि सुपरवायझरच्या गावच्या एकाचे फक्त 3. एवढ्यावर थांबलो असतो तर सुपरवायझर दोषी ठरलाच होता. पण 13 वाल्याच्या सहीच्या चार अदलाबदलीच्या चिठ्ठ्या निघाल्या. दिवसा केळीच्या बागेत पाणी भरायचं असल्याने त्याने रात्रपाळी मागून घेतली होती. त्याचे लादलेले आठवडे उरले 9. 12 वाल्याची मात्र एकही चिठ्ठी नव्हती. तक्रार एका अर्जात होती, तरी दोघांची हकीकत वेगळी होती, आणि त्यातली दुसरी खरी होती. मी हेच आकडे तिघांनाही, सुपरवायझरसकट, स्वतंत्रपणे दाखवले आणि पुढचं वाटप नोटीस बोर्डावर लावायला सुरुवात केली.

या पद्धतीला तीन आठवडे लागले. तेवढा धीर नसेल, किंवा सुरक्षिततेची तक्रार असेल, तर फाईल आधीच उघडावी. चालू प्रकरणांची यादी तर पहिल्याच दिवशी मागा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीपुढे असेल तर ती तुम्ही उकरायची नाही; 2013 च्या कायद्याने तिचा मजकूर गुप्त राहतो. मात्र चौकशी सुरू असताना समितीच्या शिफारशीवरून कुणाची बदली किंवा रजा झालेली असू शकते. म्हणून पाळ्या लावण्याआधी एचआरला इतकंच विचारा, ‘कोणाला एकत्र ठेवायचं नाही असा आदेश आहे का?’ भेटीत कोणी अशी तक्रार सांगितली तर ती समितीकडे न्यावी लागू शकते, म्हणून ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द कोणालाही देऊ नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात रुजू झालात तर पहिल्या पंधरवड्यातच कोणी तरी शेतावर भरीत पार्टीला बोलावेल. आग्रह मनापासूनचा असतो, नाही म्हणणं जड जातं. पण निम्मी टीम तिथे नसेल तर सोमवारी ती बातमी उरलेल्या निम्म्यांपर्यंत पोचलेली असते. मी म्हटलं, “दादा, सगळ्यांना भेटून होऊ द्या, मग वांगी मी आणतो.” जानेवारीत आणली, पाच किलो, आणि त्या दिवशी 12 वाला आणि सुपरवायझर एकाच आगटीपाशी वांगी भाजत होते.