पीटीपी स्विचचा आठ महिन्यांचा अनुभव: ट्रान्सपरंट क्लॉक की बाउंडरी क्लॉक?

संरक्षण-रिलेंच्या चाचणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत गेले आठ महिने पीटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे अचूक जुळवण्याच्या पद्धतीची, सोय असलेले चार स्विच रोज चालू आहेत. मांडणी लहानच आहे: गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाला जोडलेला, सगळ्यांना मूळ वेळ देणारा एक ग्रँडमास्टर, त्याखाली हे चार स्विच, दोन टोकांना दोन मर्जिंग युनिट, एक डिफरन्शियल रिले आणि तपासणीसाठी लिनक्सचा एक लॅपटॉप. कंपनीचे नाव देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते कंपनीपेक्षा स्विचमधल्या दोन पर्यायांविषयी अधिक आहे. हे स्विच ट्रान्सपरंट क्लॉक म्हणूनही चालतात आणि बाउंडरी क्लॉक म्हणूनही, आणि यातले काय निवडावे हे मला माहितीपत्रक वाचून कळले नव्हते.

त्याआधी आमची सगळी घड्याळे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या एनटीपी या नेहमीच्या पद्धतीवर चालत होती आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ब्रेकर कधी उघडला, रिले कधी उचलला, याची नोंद मिलिसेकंदापर्यंत जुळली की आमचे काम भागत असे. मर्जिंग युनिट आले आणि हिशेब बदलला. हे युनिट ५० हर्ट्झच्या पद्धतीत सेकंदाला ४,००० वेळा विद्युतप्रवाह मोजते, प्रत्येक मोजणीला ० ते ३,९९९ असा क्रमांक देते आणि नवा सेकंद सुरू झाला की पुन्हा शून्यापासून मोजू लागते. रिले दोन्ही टोकांच्या सारख्या क्रमांकाच्या मोजण्या घेऊन त्यांतला फरक काढतो. दोन्ही युनिटांचा सेकंद एकाच क्षणी सुरू होत नसेल, तर वाहिनी निर्दोष असूनही रिलेला फरक दिसतो. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांत ३६० अंश पूर्ण होतात, म्हणजे एका मिलिसेकंदाची चूक १८ अंशांची झाली आणि तेवढ्याने मूळ प्रवाहाच्या सुमारे ३१ टक्के इतका खोटा डिफरन्शियल प्रवाह उभा राहतो. तीच चूक एका मायक्रोसेकंदाची असेल तर ती ०.०१८ अंश होते आणि रिलेच्या दृष्टीने नगण्य ठरते. या मोजण्या रिलेपर्यंत नेणाऱ्या नेटवर्कसाठी, म्हणजे प्रोसेस बससाठी, एका मायक्रोसेकंदाची अट धरतात, तिच्यामागे हे गणित आहे.

एनटीपीला हे का जमत नाही, याचे उत्तर बरेच जण ‘ते जुने आहे’ असे देतात, ते मला पटत नाही. एनटीपीही चार टाइमस्टॅम्प घेते, जाण्यायेण्याचा एकूण वेळ काढते आणि दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागला असे धरून त्याचे अर्धे करते. पीटीपीचे मूळ गणितही हेच आहे. एनटीपीमध्ये टाइमस्टॅम्प सहसा सॉफ्टवेअर मारते, त्यामुळे प्रोसेसर दुसऱ्या कामात असला की चूक शिरते. पण हा दोष दूर करता येतो, कारण एनटीपी चालवणारे chrony हे सॉफ्टवेअर योग्य नेटवर्क कार्डाकडून हार्डवेअर टाइमस्टॅम्प घेऊ शकते. आम्ही तसे करून पाहिले आणि मोकळ्या नेटवर्कवर निकाल खरोखरच चांगला आला.

उरते ती स्विचमधली रांग. १,५१८ बाइटची पूर्ण फ्रेम, तिच्यापुढची प्रीअँबल आणि मागची मोकळी जागा धरून, १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून बाहेर पडायला सुमारे १२३ मायक्रोसेकंद घेते. आपले वेळेचे पॅकेट जाताना अशा एका फ्रेममागे अडकले आणि येताना मोकळे आले, तर त्याची निम्मी, म्हणजे सुमारे ६१ मायक्रोसेकंदांची चूक थेट घड्याळात उतरते. कोनात ती १.१ अंश होते आणि खोटा प्रवाह सुमारे दोन टक्के. कमी विलंबाची पॅकेट निवडून chrony यातले बरेच गाळते, परंतु प्रोसेस बसवर मोजण्यांचा ओघ अखंड चालू असतो आणि मोकळे पॅकेट मिळेलच याची हमी कोणी देत नाही. साधा स्विच पॅकेट किती वेळ धरून ठेवले हे कोणाला सांगत नाही, आणि न सांगितलेला वेळ टोकाच्या घड्याळाला कितीही हुशारीने शोधून काढता येत नाही.

ट्रान्सपरंट क्लॉक नेमके तेवढेच सांगते. सिंक संदेश पोर्टमध्ये शिरताना हार्डवेअर वेळ टिपते, बाहेर पडताना पुन्हा टिपते आणि मधला फरक संदेशाच्या `correctionField` मध्ये मिळवते. दोन टप्प्यांच्या पद्धतीत तो मागून येणाऱ्या फॉलो-अप संदेशात जातो. गंमत अशी की या स्विचला आत्ता किती वाजले हे माहीत असण्याची गरज नसते. त्याचे स्फटिक दहा लाखांत दहा भागांनी चुकत असले, तरी १२३ मायक्रोसेकंदांच्या मुक्कामात ती चूक जेमतेम सव्वा नॅनोसेकंद होते. आयईईई १५८८ या पीटीपीच्या प्रमाणाच्या २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हा प्रकार नव्हता, तेव्हा बाउंडरी क्लॉकच होते. एकामागे एक अशी अनेक बाउंडरी क्लॉक लावली की चुका साठत जातात हे दिसल्यावर २००८ च्या आवृत्तीत ट्रान्सपरंट क्लॉक आले.

पहिल्याच महिन्यात आम्ही मधल्या दुव्यावर मोठ्या फ्रेमचा मारा केला आणि शेवटच्या स्विचपाशी फॉलो-अप संदेश पकडले. मोकळ्या वेळी `correctionField` काही मायक्रोसेकंदांचे होते, मारा सुरू होताच ते शंभराच्या पुढे उड्या मारू लागले आणि लागोपाठचे दोन आकडे सारखे येईनात. त्याच वेळी ऑसिलोस्कोपवर ग्रँडमास्टरचा आणि मर्जिंग युनिटचा सेकंदाचा ठोका शेजारी लावला होता, आणि त्या दोन कडांमधले अंतर पन्नास नॅनोसेकंदांच्या आतच हलत होते. पैसे कशाचे दिले हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या महिन्यात फजितीही झाली. पोर्ट कमी पडले म्हणून कोणीतरी मध्ये ऑफिसमधला साधा स्विच जोडला. त्या वेळी आम्ही एंड-टू-एंड पद्धत वापरत होतो, म्हणजे टोकाचे घड्याळ ग्रँडमास्टरपर्यंतचा सगळा विलंब एकदम मोजत होते. तिचे संदेश साध्या स्विचच्या दृष्टीने नेहमीच्या मल्टिकास्टसारखे असतात आणि तो ते निमूटपणे पुढे पाठवतो. सगळे दिवे हिरवे राहिले. भार आला तेव्हा लॅपटॉपवरच्या `ptp4l` या पीटीपीच्या प्रोग्राममध्ये `rms` वाढलेला दिसला, पण सरासरी ऑफसेट शून्याभोवतीच होता. स्कोपवर मात्र टोकाचे घड्याळ जवळजवळ चाळीस मायक्रोसेकंद मागे पडले होते. ग्रँडमास्टरकडून येणाऱ्या दिशेचा विलंब सतत जास्त असेल तर स्लेव्ह, म्हणजे वेळ घेणारे टोकाचे घड्याळ, दोन्ही दिशांचा विलंब सारखाच धरून स्वतःला मागे ओढतो आणि मग आपला ऑफसेट शून्य आहे असे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून स्लेव्हने स्वतःबद्दल दिलेला आकडा मी आता पुरावा मानत नाही.

त्यानंतर आम्ही पीअर-टू-पीअर पद्धतीवर आलो. विद्युत उपकेंद्रांसाठीचे आयईसी ६१८५०-९-३ हे प्रोफाइलही तीच पद्धत सांगते. इथे प्रत्येक स्विच आपल्या लगतच्या शेजाऱ्यापर्यंतचा विलंब स्वतः मोजतो आणि त्यासाठीचे संदेश ज्या पत्त्यावर जातात, तो पत्ता प्रमाणानुसार चालणारा साधा स्विच पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे मध्ये परका स्विच आला की वेळ हळूच बिघडण्याऐवजी पोर्ट जुळतच नाही आणि अलार्म वाजतो. तपासणीसाठी मी या दोन आज्ञा वापरतो:

```
ptp4l -i enp3s0 -2 -P -s -m
pmc -u -b 0 'GET CURRENT_DATA_SET'
```

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरातला `stepsRemoved` फक्त बाउंडरी क्लॉक मोजतो. ग्रँडमास्टरपर्यंतच्या वाटेत सगळी ट्रान्सपरंट क्लॉक असतील तर तो १ दिसतो. २ दिसला तर मधला कोणता तरी स्विच बाउंडरी म्हणून चालला आहे असे समजावे. एका फर्मवेअर अपडेटनंतर एक स्विच गुपचूप मूळच्या सेटिंगवर गेला होता, तो असाच सापडला.

बाउंडरी क्लॉक हा वेगळाच प्राणी आहे. ते संदेश पुढे पाठवत नाही. एका पोर्टवर ते स्लेव्ह बनते, स्वतःचे घड्याळ जुळवते आणि बाकीच्या पोर्टांवर मास्टर म्हणून नवे संदेश काढते. त्यामुळे ग्रँडमास्टरवरचा भार कमी होतो, वरची वेळ गेली तरी खालची मंडळी काही काळ एकमेकांशी जुळून राहतात आणि दोन वेगळ्या प्रोफाइलची नेटवर्क जोडता येतात. किंमत अशी की प्रत्येक पायरीला घड्याळ जुळवणारे स्वतंत्र नियंत्रण बसते आणि त्याची डुलकी खालच्याकडे जाते. आयईसीच्या प्रोफाइलमध्ये ग्रँडमास्टरला २५०, ट्रान्सपरंट क्लॉकला ५० आणि बाउंडरी क्लॉकला २०० नॅनोसेकंदांची मुभा आहे. एका मायक्रोसेकंदाच्या आत राहायचे तर सुमारे पंधरा ट्रान्सपरंट किंवा तीन बाउंडरी क्लॉक चालतात, हे त्यातूनच आले.

हा फरक आम्हाला जुलैत दिसला. पावसाचे पाणी अँटेनाच्या कनेक्टरमध्ये शिरले, जीपीएस गेले आणि ग्रँडमास्टरचा `clockClass` ६ वरून ७ झाला, म्हणजे तो आपल्या स्फटिकाच्या भरवशावर वेळ सांभाळू लागला. कनेक्टर बदलल्यावर त्याने साठलेली चूक भरून काढायला सुरुवात केली. प्रयोग म्हणून तेव्हा एक मर्जिंग युनिट दोन बाउंडरी क्लॉकच्या मागे ठेवले होते आणि दुसरे ट्रान्सपरंट वाटेवर होते. दुसरे ग्रँडमास्टरबरोबर सरकले, पहिले आधी मागे राहिले, मग थोडे पुढे धावले, आणि मिनिटभर त्या दोघांत सातशे-आठशे नॅनोसेकंदांचे अंतर राहिले. रिले उचलला नाही, पण मुभा जवळजवळ संपली होती. डिफरन्शियल रिलेला दोन्ही टोके एकत्र चुकली तरी चालते, वेगवेगळी चुकलेली चालत नाहीत. दूरसंचार नेटवर्कमध्ये प्रत्येक टप्प्यावर बाउंडरी क्लॉक असते हे खरे, परंतु तिथे वारंवारतेसाठी सिंक्रोनस इथरनेटचा आधार जोडीला दिलेला असतो. आमच्या स्विचना तो नाही.

या स्विचविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. वेब-पानावर ‘लॉक्ड’ एवढेच दिसते, मागील ऑफसेटचा आलेख मिळत नाही. आणि वर सांगितलेल्या त्याच अपडेटनंतर बाउंडरी झालेला तो स्विच यूटीसीचा फरक वैध असल्याची खूण पाठवेनासा झाला. पीटीपीची वेळ टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळ, असते आणि २०१७ पासून ती यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. त्यामुळे रिलेच्या नोंदी बरोबर ३७ सेकंद पुढच्या पडू लागल्या. मोजण्यांच्या जुळणीवर त्याचा काही परिणाम नव्हता, म्हणून हे दोन दिवस कोणाच्या लक्षातच आले नाही.

सध्या चारपैकी तीन स्विच पीअर-टू-पीअर ट्रान्सपरंट क्लॉक म्हणून चालतात. चौथा नियंत्रण कक्षाच्या नेटवर्कच्या वेशीवर बाउंडरी क्लॉक म्हणून बसवला आहे आणि त्याच्या खाली एकही मर्जिंग युनिट नाही. नियंत्रण कक्षातले संगणक अजूनही एनटीपीवरच आहेत, आणि ते बदलण्याचा आमचा विचार नाही.